रातकिडा पाण्यात उडी का घेतो?

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेन-ले-बँ या गावी जंगलाला लागून एक पोहण्याचा तलाव आहे. उन्हाळ्यातल्या रात्री त्याच्या काठावर रातकिडे येतात आणि थेट पाण्यात उडी मारतात. मग किड्याच्या पोटातून एक लांबलचक जंत वळवळत बाहेर पडतो. जाडीला केसाएवढा, पण लांबी किड्याच्या कित्येक पट.

या जंतांची वीण पाण्यातच होते. अळ्या पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लांमध्ये शिरून निपचित राहतात. पिल्लू मोठं होऊन जमिनीवर येतं, मरतं, आणि रातकिडा ते खातो. पुढे जंत रातकिड्याच्या शरीरातलं अन्न कातडीतून शोषून वाढतो. पूर्ण वाढ झाली, की त्याला पुन्हा पाणी गाठावं लागतं. कोरड्या जमिनीवर बाहेर पडला तर जोडीदार मिळणार नाही आणि वंश तिथेच संपेल.

फ्रेडरिक थॉमा आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हे तपासून पाहिलं. त्यांनी दोन फाटे फुटणारी नळी घेतली, एका फाट्याच्या टोकाला पाणी ठेवलं, दुसरं टोक कोरडं. बाधित किड्यांना लांबून पाण्याचा सुगावा लागतो असं दिसलं नाही. मात्र पाण्यापाशी पोचल्यावर ते निरोगी किड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आत शिरले. म्हणजे जंत रातकिड्याला पाण्याची वाट दाखवत नाही. तो त्याला सैरभैर भटकायला लावतो आणि पाण्याच्या काठावर मागे फिरू देत नाही. ‘मेंदूचा ताबा घेतो’ या नेहमीच्या वर्णनापेक्षा मला हे जास्त विलक्षण वाटतं, कारण इतक्या थोड्या बदलात जंताचं काम होऊन जातं. 2005 मध्ये अशा किड्यांच्या मेंदूत मज्जापेशींवर परिणाम करणारी वेगळी प्रथिनं आढळली. त्यांतली काही जंताचीच असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

जंताला यातलं काही कळत असण्याची गरज नाही. ज्यांच्या स्रावांमुळे यजमान पाण्यात पडला, त्यांची पिल्लं झाली. बाकीचे निर्वंश झाले. हे पिढ्यानपिढ्या घडत गेलं. रिचर्ड डॉकिन्स यांनी 1982 मध्ये मांडलं, की जनुकाचा प्रभाव स्वतःच्या शरीराबाहेर, दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यातही उमटू शकतो. रातकिड्याची उडी म्हणजे जंताच्या जनुकांचीच करणी. वेळही तशीच ठरलेली असते. जंत कोवळा असताना किडा बुडाला तर दोघंही मरतील, म्हणून वाढ पुरी होईपर्यंत किडा शाबूत राहण्यातच जंताचा फायदा असतो.

पण पाण्यात मासे असतात. जपानमधल्या एका ओढ्यात ट्राउट जातीच्या माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 60 टक्के ऊर्जा अशा पाण्यात पडलेल्या किड्यांतूनच मिळते, असं ताकुया सातो यांना आढळलं. तडफडणारा किडा माशाने गिळला, तर आतला जंतही जायला हवा. त्यावरही या जंतांमध्ये उपाय घडलेला आहे. फ्रान्समधल्या जंतांवर केलेल्या प्रयोगांत बरेच जंत मासे आणि बेडूक यांच्या तोंडातून, नाकातून, कल्ल्यांतून जिवंत बाहेर पडले.