चार त्रिकोण आणि मधली खिडकी

काटकोन त्रिकोणातल्या सर्वांत लांब बाजूचा, म्हणजे कर्णाचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. तो तसा का असतो, हे भास्कराचार्यांच्या बीजगणितातल्या एका उदाहरणावरून छान उमगते. बाराव्या शतकातल्या या ग्रंथात त्यांनी १५ आणि २० बाजूंचा काटकोन त्रिकोण घेतला आहे.

पुठ्ठ्याचे असे चार त्रिकोण कापा, सेंटिमीटरमध्ये. चौघांचे कर्ण बाहेरच्या अंगाला आणि काटकोन आतल्या अंगाला ठेवून ते गोलाकार क्रमाने मांडा. प्रत्येकाची लांब बाजू पुढच्याच्या आखूड बाजूला चिकटली पाहिजे. बाहेर कर्णाचा चौरस तयार होतो आणि मधोमध एक छोटी चौकोनी खिडकी उरते. लांब बाजूतून आखूड बाजू वजा केली की खिडकीची बाजू मिळते: ५. आता मोजा. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर, चारांचे ६००, खिडकीचे २५; एकूण ६२५. म्हणजे कर्ण २५.

पण हा आकड्यांचा योगायोग तर नाही? तुकडे हलवून बघा. दोन त्रिकोण कर्णाला कर्ण लावून जोडले की १५ बाय २० चा आयत होतो. असे दोन आयत झाले. एक उभा ठेवा, २० उंचीचा. त्याच्या उजवीकडे, तळ एका रेषेत ठेवून, दुसरा आडवा लावा. आडव्याच्या डोक्यावर, उभ्याला लागून, खिडकीएवढा ५ चा चौरस बसवा. आता डावीकडून २० सेंटिमीटरवर एक उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडे २० चा चौरस आहे, उजवीकडे १५ चा! तुकडे तेच, जागाही तेवढीच. फक्त मांडणी बदलली. बाजू कोणत्याही घ्या, हे असेच जुळते.

यात काटकोन नेमका कुठे लागला, हा मला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो. मोठ्या चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यात एका त्रिकोणाचा मोठा लघुकोन आणि शेजारच्याचा छोटा लघुकोन एकत्र येतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, त्यातले ९० काटकोनाने घेतले, म्हणून उरलेल्या दोघांचे मिळून बरोबर ९० होतात. काटकोनाऐवजी ८० अंशांचा कोन घेतला तर कोपऱ्यात १०० अंश येतात आणि चौरस जुळतच नाही. तिसरी बाजूही २५ ऐवजी सुमारे २२.८ भरते. गवंडी भिंतींचा कोपरा तीन-चार-पाचच्या मापाने तपासतो तो याच भरवशावर: तिरके माप पाचापेक्षा कमी भरले तर कोन काटकोनाहून लहान, जास्त भरले तर मोठा.

हा सगळा डोलारा १८० अंशांवर उभा असल्यामुळे सिद्धांत सपाट पृष्ठापुरताच खरा आहे. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून दोन रेखावृत्ते एकमेकांशी काटकोन करून विषुववृत्तापर्यंत आणा. तयार झालेल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन असतात आणि तिन्ही बाजू सारख्या. तिथे कर्ण म्हणायचे तरी कोणत्या बाजूला?