पहिल्याच मेसेजात खोट

माझी एक मैत्रीण ठाण्याला राहते, वय एकतीस. डेटिंग ॲपवर तिचा बायो एका ओळीचा: ‘पुस्तकं, ट्रेक आणि फिल्टर कॉफी.’ रविवारी रात्री एकाशी मॅच झाला आणि त्याचा पहिलाच मेसेज आला, ‘फोटो बरे आहेत, पण बायो अगदीच कॉपी-पेस्ट. एवढंच आहे का तुझ्याकडे?’ तिने उत्तर लिहायला घेतलं. कुठली पुस्तकं, किती गड, फिल्टर कॉफीची सवय कधी लागली, अशा दहा-बारा ओळी झाल्या. पाठवायच्या आधी तिने मला फोन केला, हे बरं झालं.

तिच्या लक्षात न आलेली गोष्ट साधी होती. मॅच दोन्हीकडून पसंती आल्याशिवाय होत नाही. म्हणजे या गृहस्थाने तोच बायो आणि तेच फोटो समोर असताना उजवीकडे स्वाइप केलं होतं. आवडलं म्हणून आला आणि आल्या आल्या खोट काढली. आपल्याकडे चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात ‘मुलगी तशी चांगली आहे, रंग जरा उतरता’ असं म्हणणारी एखादी मावशी असायचीच. ती निदान मुलीच्या घरच्यांच्या पाठीमागे म्हणायची.

या खोडीला इंग्रजीत ‘नेगिंग’ म्हणतात. मुली पटवण्याचे क्लास चालवणाऱ्या अमेरिकेतल्या पुरुषांमध्ये ही युक्ती रुळली आणि नील स्ट्रॉसच्या ‘द गेम’ या 2005 सालच्या पुस्तकामुळे ती सगळीकडे माहीत झाली. कौतुकात गुंडाळून एक टोमणा मारायचा. समोरची व्यक्ती बिथरते, आपण तसे नाही हे पटवून द्यायला लागते, आणि परीक्षक कोण, परीक्षार्थी कोण हे पहिल्या मिनिटातच ठरून जातं. मैत्रिणीच्या त्या दहा-बारा ओळी म्हणजे सोडवायला घेतलेला पेपरच होता.

अर्थात खोट काढणारा प्रत्येक जण हे ठरवून करतो असं नाही. कित्येकांना बोलायला सुरुवात कशी करावी हेच कळत नाही. म्हणून मी माणसाचा हेतू शोधत बसत नाही, वाक्य बघते. त्याला एका माहितीने उत्तर देता येतं का? तिलाच महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एकाने विचारलं होतं, ‘दुसऱ्या फोटोत चौघी आहेत आणि चौघींच्या डोळ्यांवर गॉगल. यातली तू कोणती?’ हीसुद्धा टीकाच. पण ती फोटोवर होती, खरी होती आणि उत्तर दोन शब्दांत संपत होतं: ‘डावीकडून दुसरी.’ ‘एवढंच आहे का तुझ्याकडे?’ याला असं उत्तर नाही. कितीही लिहा, पुरत नाही.

शेवटी तिने पाठवलं ते इतकंच: ‘हो, बायो छोटाच ठेवलाय. तुला यातलं काय आवडतं?’ खुलासा नाही, माफी नाही, उलट टोमणाही नाही. टोमण्याला टोमणा द्यायचा मोह होतो आणि मजाही येते, पण मग त्याचाच खेळ पुढे चालू राहतो. सरळ प्रश्न परत दिला की खरी परीक्षा त्याच्या दुसऱ्या मेसेजची होते. नुसता अवघडलेला माणस असेल तर ‘सॉरी, जरा आगाऊपणा झाला’ म्हणून ट्रेककडे वळतो. याचं उत्तर आलं, ‘अगं, जोक होता, किती सिरियस घेतेस!’ म्हणजे आधी बायोत खोट, आता स्वभावात. तिने तिथेच अनमॅच केलं.

पुरुषांनाही हे चुकत नाही. माझ्या भावाला एकीने लिहिलं, ‘उंची लिहिली नाहीस, म्हणजे कमीच असणार.’ त्याने ‘पाच फूट पाच’ एवढंच कळवलं. पुढे ती काही बोलली नाही, पण त्याची संध्याकाळही खराब झाली नाही.

रंग, वजन, जात किंवा अपंगत्व यांवर कोणी घसरलं तर मात्र तो एक प्रश्नही परत करू नका. अशा मजकुराची तक्रार करता येते. बंबलने तर 2021 च्या जानेवारीत शरीरावरून हिणवणं नियमातच बंद केलं. फक्त क्रम सांभाळा: आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, अनमॅच सगळ्यात शेवटी. अनमॅच केलं की बहुतेक ॲपवर संभाषण तुमच्याही फोनवरून नाहीसं होतं आणि दाखवायला काही उरत नाही.

आणि त्या रात्री प्रोफाइलला हात लावू नका. मैत्रिणीने तीन आठवड्यांनी तो चौघींचा फोटो काढून एकटीचा टाकला, कारण गॉगलवाली तक्रार बरोबर होती. बायो अजून तोच आहे.