दिवाणावरून दिसणारा टीव्ही

डोंबिवलीला मावशीकडे नवा टीव्ही घ्यायचा ठरला, तेव्हा दुकानात जाण्याआधी मी हॉलमध्ये टेप लावली. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत आठ फूट, म्हणजे ९६ इंच. याला १.६ ने भागलं की ६० येतात. पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा, या हिशेबातून हा भागाकार येतो. आमचा भाचा ६५ इंचांवर अडून बसला होता. पण मावशी बघते केबलवरचे साधे, एचडी नसलेले चॅनेल, आणि पडदा जितका मोठा तितकं ते चित्र फुटतं. शेवटी ५५ ठरला. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं. प्रत्यक्ष रुंदी चार फूट.

खरी अडचण काकांची होती. ते दिवाणावर, टीव्हीच्या अगदी बाजूला बसतात. एलसीडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकारचे पॅनेल येतात. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, पण समोरूनच. बाजूने बघितलं की चेहरे फिके पडतात. आयपीएस बाजूनेही रंग टिकवतं, मात्र दिवे घालवून पाहिलं तर रात्रीचा प्रसंग करडा दिसतो. ‘क्यूएलईडी’ या नावावरून यातलं काहीच कळत नाही. तोही एलसीडीच, फक्त रंग सुधारणारा थर जास्तीचा. ओएलईडीत दोन्ही साधतं, पण किंमत चढते, आणि काकांसारखी दिवसभर एकाच बातम्यांच्या चॅनेलची पट्टी चालू ठेवली तर तिचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

दुकानात विक्रेता ‘दहा लाखांचा कॉन्ट्रास्ट’ म्हणाला. हा आकडा बहुधा असा निघतो: पांढरा पडदा पूर्ण उजेडात मोजायचा आणि काळा मोजताना मागचा दिवाच विझवायचा. एकाच दृश्यात हे दोन्ही कधीच दिसत नाहीत. खरा कॉन्ट्रास्ट आयपीएसचा हजाराच्या आसपास असतो, व्हीएचा त्याच्या तीन ते पाच पट. मी पेनड्राइव्हवर अंधारातला एक प्रसंग नेला होता. दुकानाचा भडक मोड घालवून साधा मोड लावायला सांगितला आणि दिवाणाच्या जागी, म्हणजे तिरका, जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांत आयपीएस ठरला. मावशीकडे ट्यूबलाइट चालूच असते, त्यामुळे करडा काळा तिला खुपणार नव्हता.

मग दोन कंपन्या उरल्या. दोघींच्या ग्राहक सेवेला तिथूनच फोन लावला आणि पिनकोड सांगून विचारलं, पॅनेल बिघडलं तर माणूस कुठून येणार? वॉरंटी संपल्यावर पॅनेल बदलायचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो, म्हणून पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, हेही विचारलं. एकीने कल्याणचं सेवा केंद्र सांगितलं. दुसरीची बाई म्हणाली, “सर, टीव्ही पॅक करून तुम्हालाच नाशिकला पाठवावा लागेल.” तो टीव्ही चार हजारांनी स्वस्त होता. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कल्याणवाल्याचे पैसे मोजले.