ब्लूटूथ कीबोर्ड फोनला जोडला, पण मराठी उमटेना? गेमपॅड जोडला, पण गेम ऐकेना? नेमकं अडतं कुठे, ते समजून घ्या

शिरूर तालुक्यात राहणारी माझी मावसबहीण लिपिक-टंकलेखक पदाच्या भरतीची तयारी करतेय. या पदासाठी मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. ती शिरूरला क्लासला जाते. तिथे कॉम्प्युटरवर रोज ठराविक वेळच मिळतो आणि घरी कॉम्प्युटर नाही. म्हणून तिने फोनला जोडायला ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, कनेक्ट झालाय असं दाखवतंय. इंग्रजी येतंय, पण मराठी काही केल्या येत नाही. खराब निघाला का रे?"

त्याच आठवड्यात दौंडहून मामेभावाचा मेसेज आला. त्याने बीजीएमआय खेळायला गेमपॅड घेतला होता. फोनला तो जोडला जात होता, पण गेममध्ये एकही बटण चालत नव्हतं. त्यालाही वाटलं, दुकानदाराने फसवलं.

दोघांच्याही वस्तू धडधाकट होत्या. अडलं होतं ते "जोडलं गेलं म्हणजे चाललं" या समजुतीत. प्रत्यक्षात इथे तीन टप्पे असतात. ब्लूटूथची जोडणी हा पहिला. आलेली वस्तू कीबोर्ड आहे, माउस आहे की गेमपॅड, हे फोनने ओळखणं हा दुसरा. आणि दाबलेल्या बटणाचा अर्थ त्या ॲपला किंवा भाषेच्या मांडणीला कळणं हा तिसरा. बहुतेक वेळा पहिले दोन टप्पे नीट पार पडलेले असतात आणि घोडं तिसऱ्यावर अडतं.

विकत घेण्याआधी : 'वायरलेस' म्हणजे ब्लूटूथच का?

नाही. दुकानात 'वायरलेस' म्हणून मिळणारे अनेक कीबोर्ड आणि माउस ब्लूटूथचे नसतात. त्यांच्यासोबत नखाएवढा यूएसबी रिसीव्हर येतो आणि ते फक्त त्या रिसीव्हरशीच बोलतात. फोनच्या ब्लूटूथ यादीत ते कधीच दिसणार नाहीत, कितीही वेळा शोधलं तरी. खोक्यावर ब्लूटूथचं चिन्ह किंवा तो शब्द स्पष्ट छापलेला आहे का, एवढं पाहून घ्या.

असा रिसीव्हरवाला कीबोर्ड आधीच घरात असेल तर तोही वाया जात नाही. फोन ओटीजी चालवणारा असेल, तर छोटा ओटीजी अडॅप्टर लावून रिसीव्हर फोनच्या चार्जिंगच्या जागी बसवता येतो आणि कीबोर्ड लगेच चालू होतो. फक्त तेवढा वेळ चार्जिंगची जागा अडते.

जोडणी कशी करायची?

कीबोर्ड किंवा गेमपॅड नुसता चालू करून भागत नाही, तो 'पेअरिंग'च्या अवस्थेत न्यावा लागतो. कीबोर्डवर त्यासाठी ब्लूटूथचं चिन्ह असलेलं बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरायचं. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरतात. ब्लूटूथ असलेल्या एक्सबॉक्स कंट्रोलरवर वरच्या बाजूचं छोटं पेअर बटण दाबतात. दिवा भराभर लुकलुकायला लागला की समजायचं, आता फोनला तो दिसेल.

मग अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "Connected devices" आणि त्यात "Pair new device" उघडा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये थेट "Bluetooth" असं लिहिलेलं असतं. यादीत नाव आलं की त्यावर टॅप करा. कीबोर्ड असेल तर फोनच्या स्क्रीनवर काही वेळा आकडे दिसतात. इथे अनेक जण आकडे फोनवर टाकायला जातात. ते टाकायचे असतात नव्या कीबोर्डवर, आणि शेवटी एंटर दाबायचं. समोरचा कीबोर्ड खरंच तुमच्याच हातात आहे, याची खात्री फोन अशा पद्धतीने करतो.

नाव यादीत येतच नसेल, तर ती वस्तू बहुधा आधीच्या फोनशी किंवा लॅपटॉपशी जोडली गेलेली असते. त्या जुन्या उपकरणाचं ब्लूटूथ बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा. एकदा जोडलेला कीबोर्ड नंतर जुळेना झाला, तर फोनच्या यादीतून तो "Forget" करून पहिल्यापासून जोडणं हा सर्वांत कमी वेळाचा उपाय.

फोनने ओळखलं, हे कसं कळणार?

माउस असेल तर स्क्रीनवर बाण दिसतो. कीबोर्ड असेल तर नोट्सचं कुठलंही ॲप उघडून चार अक्षरं टाइप करा. गेमपॅड असेल तर होम स्क्रीनवर या आणि दिशेची बटणं दाबा. एका आयकॉनवरून दुसऱ्यावर चौकट सरकू लागली, तर फोनने गेमपॅड ओळखला आहे. इथपर्यंत सगळं चाललं की वस्तू खराब नाही, एवढं नक्की. पुढची अडचण दुकानात परत नेऊन सुटणारी नाही.

आयफोनवर थोडा फरक आहे. तिथे कीबोर्ड आणि गेमपॅड ब्लूटूथमधूनच जोडले जातात, पण माउससाठी "Accessibility", त्यात "Touch" आणि त्यात "AssistiveTouch" चालू करावं लागतं.

मग मराठी का उमटत नाही?

बहिणीच्या फोनमध्ये मराठी कीबोर्ड होता. स्क्रीनवर ती रोज मराठी टाइप करायची. पण स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि बाहेरून जोडलेला कीबोर्ड यांची मांडणी फोन वेगवेगळी ठेवतो. बाहेरचा कीबोर्ड फोनला 'क' किंवा 'ख' असं काही सांगत नाही. तो फक्त अमुक जागेवरची कळ दाबली, एवढंच कळवतो. त्या जागेला कोणतं अक्षर द्यायचं, हे फोनमधली मांडणी ठरवते आणि ती सुरुवातीला बहुधा इंग्रजी असते.

ही मांडणी बदलायची जागा सेटिंगमध्ये "Physical keyboard" या नावाने सापडते. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत हे दोन शब्द टाकले की ती लगेच मिळते. तिथे तुमच्या कीबोर्डच्या नावावर टॅप केल्यावर मांडण्यांची यादी येते. यादीत मराठी किंवा हिंदी असेल तर ती निवडा. सगळ्या फोनमध्ये ती असतेच असं नाही. नसेल तर प्ले स्टोअरवर बाहेरच्या कीबोर्डसाठी मांडणी पुरवणारी ॲप मिळतात. ती घेतल्यावर त्याच यादीत नवी नोंद दिसते.

इथे एक काळजी घ्या. एखादं ॲप स्वतःला पूर्ण कीबोर्ड म्हणून सुरू करायला सांगत असेल, तर अँड्रॉइड इशारा देतं की हे ॲप तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकतं. तो इशारा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्या फोनवर बँकेचं ॲप आहे, तिथे अनोळखी कीबोर्ड ॲप न घेतलेलं बरं.

मांडणी बसली का, हे तपासायला मी बहिणीला दोन शब्द दिले. इन्स्क्रिप्ट मांडणीत ते असे येतात :

```
शिरूर : Shift+M  F  J  T  J
दौंड  : O  Q  X  [
```

या कळा दाबल्यावर हेच शब्द उमटले, तर इन्स्क्रिप्ट चालू आहे. "Mfjtj" उमटलं, तर फोन अजून इंग्रजीतच आहे.

'शिरूर'मध्ये आणखी एक गोष्ट दिसते. वाचताना पहिली वेलांटी 'श'च्या आधी दिसते, पण इन्स्क्रिप्टमध्ये आधी 'श' आणि मग वेलांटी टाइप करायची असते. टाइपरायटरवरून आलेल्या रेमिंग्टन मांडणीत हे उलट आहे. तिथे पहिली वेलांटी आधी येते. बोटांना एकदा एक सवय लागली की दुसरी मांडणी शिकताना हाच क्रम सर्वाधिक चुकतो. म्हणून घरी सराव सुरू करण्याआधी, आपल्या क्लासमध्ये परीक्षेसाठी कोणती मांडणी शिकवतात, हे विचारून तीच फोनवर लावा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा कॉम्प्युटरवरच द्यावी लागते. फोनवरचा सराव बोटांसाठी आहे, परीक्षेच्या सॉफ्टवेअरची ओळख क्लासमध्येच होणार.

सरावाचा वेग खरा आहे का?

बहिणीचा इंग्रजीचा वेग घरी चांगला यायचा आणि क्लासमध्ये घसरायचा. कारण फोन तिच्या चुका गुपचूप दुरुस्त करत होता. चुकलेला शब्द स्पेस दाबताच बरोबर होत असेल, तर तो वेग तुमचा नाही. कीबोर्ड ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन "Auto-correction" आणि शब्द सुचवणं बंद करा. "Physical keyboard"च्या पानावरच स्क्रीनवरचा कीबोर्ड लपवण्याचं बटणही असतं. तो लपवला की अर्धी स्क्रीन मोकळी होते आणि अंगठा तिकडे वळत नाही.

वेग मोजताना साधारणपणे पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात. म्हणजे ४० शब्दांसाठी मिनिटाला २०० ठोके. पाच मिनिटांचा टायमर लावा, शेवटी अक्षरं आणि मोकळ्या जागा मोजा, पाचाने भागा आणि मग मिनिटांनी भागा. समजा पाच मिनिटांत ८५० ठोके झाले. भागून १७० शब्द, म्हणजे मिनिटाला ३४. चुका यातून वेगळ्या मोजायच्या.

आणि दौंडच्या गेमपॅडचं काय?

मामेभावाचा गेमपॅड फोनने ओळखला होता. होम स्क्रीनवर चौकट सरकत होती. पण गेमपॅडचं बटण दाबल्यावर काय करायचं, हे गेममध्येच लिहिलेलं असावं लागतं. कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलमध्ये कंट्रोलरसाठी वेगळं सेटिंग आहे, माइनक्राफ्टमध्येही गेमपॅड चालतो. बीजीएमआय मात्र बोटांच्या स्पर्शावर खेळण्यासाठी बनवलेला आहे आणि त्यात गेमपॅडची अधिकृत सोय नाही. म्हणून गेमपॅड घेण्याआधी गेमचं सेटिंग उघडा. "Controller" असा पर्याय तिथे नसेल, तर महागातला गेमपॅडही तिथे चालणार नाही.

यावर उपाय म्हणून 'मॅपर' नावाची ॲप सुचवली जातात. बटण दाबलं की ती स्क्रीनवर खोटा स्पर्श उमटवतात. त्यातली बरीच ॲप फोनचं "Developer options" उघडून "USB debugging" किंवा "Wireless debugging" चालू करायला लावतात, म्हणजे फोनवर मोठा ताबा मागतात. शिवाय स्पर्धात्मक गेममध्ये अशा बाहेरच्या सॉफ्टवेअरमुळे खातं बंद होण्याचा धोका असतो. मामेभावाने दोन वर्षं खेळून जमवलेलं खातं पणाला लावायचं नाही असं ठरवलं. गेमपॅड आता तो माइनक्राफ्टसाठी वापरतो, बीजीएमआय पूर्वीसारखाच अंगठ्यांनी खेळतो.

बहिणीच्या फोनवर मांडणी त्याच रात्री बसली. दुसऱ्या दिवशी तिने एकच ओळ पाठवली, "शिरूर आलं. आता स्पीड."