एक काना कमी

१९८७ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो. सकाळी शाखा उघडते न उघडते तोच दोघे भाऊ येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. थोरला साठीचा, फेटा बांधलेला, काही न बोलणारा. धाकट्याच्या हातात आम्ही पाठवलेली नोटीस होती. त्याने ती टेबलावर ठेवली आणि विचारले, "साहेब, आमची जमीन बँकेकडं कधी लागली?"

नोटिशीतले वाक्य असे होते: 'सदर कर्जास आपली जमीन असल्याने थकबाकी आपणांकडून वसूल करण्यात येईल.' थोरल्याला वाचता येत नव्हते. धाकट्याने ते त्याला वाचून दाखवले होते आणि वाचता वाचता त्याचा समज पक्का झाला होता, की दादाने सामाईक जमीन आपल्याला न विचारता गहाण टाकली. चार दिवस एका घरात दोन चुली पेटत होत्या.

मी फाईल मागवली. थोरला भाऊ आपल्या मेहुण्याच्या पंपाच्या कर्जाला जामीन राहिला होता. एवढेच. जमिनीचा त्या कर्जाशी काही संबंध नव्हता. फाईलमध्ये नोटिशीचा हाताने लिहिलेला कच्चा मसुदाही होता. त्यात शब्द स्वच्छ होते: 'आपला जामीन असल्याने'.

मग चूक झाली कशी? मराठी टंकलेखन यंत्रावर काना ही वेगळी कळ असते. टंकलेखकाकडून 'जा'चा काना राहिला आणि कागदावर 'आपला जमीन' उमटले. ही पहिली चूक. ती तशीच राहिली असती तर कोणालाही खटकली असती, कारण जमीन स्त्रीलिंगी आणि जामीन पुल्लिंगी. 'आपला जमीन' कोणी म्हणत नाही. पण मसुद्याशी ताडून न पाहता नुसता टंकलिखित कागद वाचणाऱ्या एका दक्ष सहकाऱ्याला ते खटकले आणि त्याने पेनाने 'आपला'चे 'आपली' केले. व्याकरण शुद्ध झाले, वाक्य निर्दोष झाले, आणि चूक झाकली गेली. पहिल्याने काना गाळला, दुसऱ्याने गळालेल्या कान्याची जागा बुजवली. त्याखाली सही माझी होती.

मी दोघांना सातबारा आणायला सांगितले. बँकेकडे जमीन गहाण असेल, तर फेरफार होऊन बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात चढलेला असतो. दुपारी ते उतारा घेऊन आले. त्या रकान्यात आमच्या बँकेचे नाव नव्हते. धाकट्याने रकाना तीनदा वाचला आणि मग थोरल्याकडे पाहिले. "म्हणजे जमीन नाही, नुसता जामीनच," तो म्हणाला. त्यावर थोरला पहिल्यांदा बोलला. "नुसता कशाचा? जामीन हाय म्हंजी उद्या जमिनीपत्तोर येणारच की."

त्याला अक्षर येत नव्हते, पण कायदा कळला होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १२८ वे कलम असे, की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा आणि न जमल्यास माझ्याकडे या, असे जामीनदाराला साधारणपणे म्हणता येत नाही. फरक उरतो तो वाटेचा. गहाण जमिनीवर बँकेचा हक्क पहिल्या दिवसापासून असतो. जामीनदाराच्या जमिनीपर्यंत पोचायला मात्र दावा, हुकूमनामा आणि जप्ती एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि शेवटी हात लागतो तोही त्याच्या स्वतःच्या हिश्श्याला. भावाच्या हिश्श्याला नाही. घरातले भांडण नेमके या फरकावर चालले होते, आणि तो फरक कागदावर एका कान्याएवढा होता.

मूळ पाहिले तर हे दोन शब्द भाऊबंदही नव्हेत. जामीन अरबीतून आला, जमीन फारसीतून. मराठीच्या दारात येऊन ते शेजारी बसले. दप्तरी मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. मुदत आणि मदत, वारस आणि वारसा, दाखल आणि दाखला. 'मुदतवाढ मिळावी' या अर्जातला एक उकार गळाला की अर्जदार वेगळेच काही मागू लागतो. या जोड्या कानाला स्वच्छ वेगळ्या ऐकू येतात. घोटाळा होतो तो हाताचा.

दुसऱ्या जातीच्या जोड्या कानाच्या. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांत शब्दाचा अर्थ बदलेल असा फरक सहसा करत नाही. जुन्या मोडी दप्तरातही तो भेद पाळलेला नसे. म्हणून दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर यांत कान मदतीला येत नाही, नियमच आठवावा लागतो. साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्यांत हा नियम आहे: मराठी अकारान्त शब्दातले शेवटून दुसरे इकार-उकार दीर्घ, पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मुळाप्रमाणे. आमच्या बँकांच्या पाट्यांवर 'पिक कर्ज' लिहिलेले मी वर्षानुवर्षे पाहिले. पिक म्हणजे कोकिळ. शेतात येते ते पीक. घोटाळ्याचे कारण असे, की प्रत्यय लागला की हेच पीक ऱ्हस्व होते: पिकाला, पिकाचे. पण पीककर्ज आणि पीकविमा यांत पिकाला प्रत्यय लागलेला नाही, म्हणून तिथे दीर्घच हवे. मात्र कोकिळेच्या नावाने कर्ज मंजूर झाले म्हणून कोणाचे नुकसान झाल्याचे मला माहीत नाही. कानाच्या चुकीने हसे होते, हाताच्या चुकीने घर फुटते. आपण मात्र रागावतो ते पहिलीवरच.

इंग्रजीतही हे चालतेच. मुद्दल या अर्थाचे 'प्रिन्सिपल' आणि तत्त्व या अर्थाचे 'प्रिन्सिपल' यांचा उच्चार एकच. एकाच्या शेवटी 'पी-ए-एल', दुसऱ्याच्या 'पी-एल-ई'. नागरीत लिहिले तर तेवढाही फरक उरत नाही. म्हणून मराठी कागदावर मुद्दल लिहावे, हे मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत असे.

आता टंकलेखन यंत्रे गेली. फोनवर बोट फिरते. रोमन अक्षरांत jamin लिहिले की जमीनही होते आणि जामीनही, कारण त्या लिपीत 'अ' आणि 'आ' दोघांना एकच अक्षर पुरते. सुचवलेल्या शब्दांतला पहिला उचलायचा आणि पुढे जायचे. शुद्धलेखन तपासणारी सोयही इथे लंगडी पडते, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत आणि दोन्ही शुद्ध आहेत.

त्या दिवसानंतर मी शाखेत दोन गोष्टी सुरू केल्या. टंकलिखित कागद ताडायचा तो दोघांनी. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचे. हाताची चूक कानाला सापडते ती अशी. आणि वाक्य अडखळले तर शेजारचा शब्द दुरुस्त करण्याआधी मूळ मसुदा पाहायचा, कारण अडखळणे हीच चुकीची खूण असते.

दुरुस्त नोटीस मी दोघांसमोर वाचून दाखवली. थोरल्याने अंगठा उठवण्याआधी विचारले, "काना हाय नव्हं?" धाकट्याने त्याचे बोट धरून त्या अक्षरावर ठेवले.