रात्रीचा शेवटचा थर: पेट्रोलियम जेली

चेहरा धुऊन, मॉइश्चरायझर लावून झाल्यावर सर्वांत शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन झोपणे, या पद्धतीला ‘स्लगिंग’ म्हणतात. दक्षिण कोरियातील सौंदर्यप्रसाधनांच्या लाटेबरोबर ती जगभर पसरली.

जेली त्वचेला स्वतः ओलावा देत नाही. त्वचेतून उडून जाणारे पाणी ती अडवते. म्हणून ती किंचित ओलसर त्वचेवर, मॉइश्चरायझरनंतरच लावायची. पूर्ण चेहऱ्याला मटाराएवढी जेली पुरते. उशी चिकट झाली, तर थर जाड झाला असे समजावे.

खरा फायदा कोरड्या, सोललेल्या किंवा एक्झिमा असलेल्या त्वचेला होतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे ओठ फुटतात, त्यांनाही ती उपयोगी पडते, पण ओठांपुरतीच.

शुद्ध जेली सहसा रंध्रे बुजवत नाही. तरीही तेलकट, मुरुमांच्या त्वचेवर ती टाळावी, कारण थराखाली तेल, घाम आणि आधी लावलेले जड क्रीम कोंडून राहते. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात हा धोका वाढतो. कपाळावर एकसारखे, बारीक, खाजरे पुरळ उठले, तर ते यीस्टमुळेही असू शकते. अशा वेळी जेली थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

रेटिनॉइड किंवा ॲसिड लावलेल्या रात्री जेली लावू नये. झाकल्यामुळे त्यांचा परिणाम तीव्र होऊन आग होते. सुरुवात आठवड्यातून एकदोन रात्री, गालाच्या फक्त कोरड्या भागावर करावी.