घसा दुखणाऱ्या मुलाचं ताट

सर्दी झालेलं मूल जेवत नाही, तेव्हा त्याला भूक नसते हे अर्धंच खरं. नाक चोंदलेलं असतं आणि चावताना तोंड मिटावं लागतं, त्यामुळे घास आणि श्वास दोन्ही एका वेळी जमत नाहीत. घसा सुजलेला असल्याने प्रत्येक गिळणं दुखतं. नाक बंद असल्याने वास येत नाही, म्हणून चवही लागत नाही. अशा वेळी पोळीभाजीचं भरलेलं ताट पुढे केलं, की मूल मान फिरवतं. त्याला हवं असतं न चावता गिळता येणारं, कोमट आणि थोडं थोडं अन्न.

म्हणून जेवणाची तयारी नाकापासून सुरू करायची. जेवायच्या दहा मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाईनच्या नाकातल्या थेंबांचे दोन-दोन थेंब टाकावेत आणि नाक शिंकरायला सांगावं. एवढ्यानेही चार घास जास्त जातात.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. मोहरी-मिरचीच्या फोडणीचा ठसका मोठ्यांनाही लागतो. सुजलेल्या घशाच्या मुलाची खोकल्याची उबळ त्यानं लगेच सुरू होते. सर्दीच्या दिवसांत फोडणी तुपाची, मंद आचेवर आणि फक्त जिऱ्या-हिंगाची करावी. तेवढा वेळ मुलाला दुसऱ्या खोलीत बसवावं.

आता 5 वर्षांची, 18 किलो वजनाची मुलगी समोर धरून एक दिवस आखून पाहू. सर्दीचा दुसरा दिवस आहे, थोडी कणकण आहे, घसा दुखतोय. या वजनाच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून साधारण 1,400 मिली द्रव लागतो आणि ताप असेल तर त्याहून थोडा जास्त. पाणी, दूध, पेज, कढण हे सारं त्यात धरायचं. आजारपणात दोन दिवस जेवण कमी झालं तर ते पुढे भरून निघतं. पाणी मात्र त्याच दिवशी पोटात जायला हवं.

सकाळी उठल्यावर अर्धा कप कोमट पाणी आणि अर्ध्या तासाने नाचणीचं सत्त्व. दोन चमचे सत्त्व आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग एक कप दुधात मंद आचेवर शिजवावं आणि गूळ आच बंद केल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटू शकतं. दुधानं कफ वाढतो ही समजूत घट्ट रुजलेली आहे. दूध लाळेत मिसळलं, की घशाशी थोडा वेळ दाटपणा जाणवतो. कफ मात्र त्यामुळे जास्त तयार होत नाही. मुलीला तो दाटपणा नकोसा वाटत असेल, तर वरून दोन घोट कोमट पाणी द्यावं.

अकराच्या सुमारास मुगाचं कढण. दोन मोठे चमचे मूगडाळ धुऊन, दोन कप पाणी आणि चिमूटभर हळद घालून कुकरमध्ये चार शिट्ट्या कराव्यात. डाळ रवीनं घोटून गाळणीतून काढावी, म्हणजे घशाला टोचणारं काही उरत नाही. गरम पाणी घालून ती पिता येईल इतकी पातळ करावी. तुपात जिरं फुलवून वरून घालावं. मीठ, गुळाचा खडा आणि आल्याच्या रसाचे चार-पाच थेंब पुरेत. आलं किसून घातलं तर धागे घशात अडकतात आणि रस जास्त झाला तर झोंबतो. लिंबू, आमसूल, टोमॅटो हे आंबट पदार्थ दुखऱ्या घशाला चुरचुरतात. ते घसा बरा झाल्यावर.

दुपारी गुरगुट्या भात, मुगाचं साधं वरण आणि तूप. एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी घेतलं, की भात बोटानं दाबल्यावर विरघळेल इतका मऊ होतो. सोबत लाल भोपळा वाफवून वरणातच कुस्करावा. मुलीनं अर्धी वाटी खाल्ली तर तेवढ्यावर थांबावं आणि दीड तासानं पुन्हा विचारावं.

चार वाजता पिकलेलं केळं किंवा साल काढून वाफवलेलं, कुस्करलेलं सफरचंद. या वेळी हात आपोआप बिस्किटं, खारी, टोस्टकडे जातो. पण त्यांचा कोरडा चुरा घशाच्या मागच्या भागाला लागला, की लगेच उबळ येते. फुटाणे, शेंगदाणे, लाह्या तर खोकणाऱ्या लहान मुलाला देऊच नयेत. उबळीबरोबर आत ओढलेल्या श्वासासोबत दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

संध्याकाळी घरात चिकन शिजत असेल, तर मसाला घालण्याआधीचं अळणी एक वाटी बाजूला काढावं, गाळावं आणि चवीपुरतं मीठ घालून द्यावं. शाकाहारी घरात दुधीचं किंवा गाजराचं सूप द्यावं. भाजी शिजवून, घोटून त्यात एक चमचा शिजलेली डाळ घातली, की पोटाला आधार होतो.

रात्रीचं जेवण सातपर्यंत उरकावं. आडवं झाल्यावर नाकातलं पाणी घशात उतरतं आणि खोकला वाढतो. भरल्या पोटी जोराची उबळ आली, की मूल खाल्लेलं सगळं ओकतं. म्हणून रात्री मऊ खिचडी किंवा मेतकूट-पेज, तीही अर्धी-पाऊण वाटी, आणि झोपण्याआधी तासभर तरी बसतं-खेळतं ठेवावं. झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध चाटवला, तर रात्रीचा खोकला हलका होतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच देऊ नये. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

यातला प्रत्येक पदार्थ कोमट हवा. लवकर बरं वाटावं म्हणून वाफाळतं सूप पाजलं, तर सुजलेला घसा आणखी भाजतो. आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावा. ऊब जाणवली पण चटका बसला नाही, तर ते द्यायला योग्य. मूल बसलेलं असावं आणि घोट लहान असावेत.

या आहारानं सर्दीचा विषाणू मरत नाही. सर्दी तिच्या गतीने आठ-दहा दिवसांत उतरते आणि खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. जेवण नीट चाललंय की नाही, हे ताटापेक्षा लघवीवरून कळतं. ती फिकट आणि दर चार-पाच तासांनी होत असेल तर पाणी पुरेसं जातंय. आठ तासांत झालीच नाही, ओठ-जीभ कोरडी पडली, मूल मलूल झालं, तर डॉक्टरांकडे न्यावं. सर्दी-खोकला नसताना ताप आणि घसा फार दुखत असेल तरीही तपासून घ्यावं, कारण जिवाणूंच्या संसर्गाला वेगळा उपचार लागतो. लाळही गिळता येत नसेल, श्वास घेताना छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात असतील किंवा 1 ते 5 वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

घसा सुधारला, की मूल स्वतःहून काहीतरी चावायला मागतं. आधी वरणात कुस्करलेली पोळी, दुसऱ्या दिवशी मऊ भाजी-पोळी, आणि तळलेलं, तिखट, आंबट हे खोकला पुरता थांबल्यावर. या क्रमाने गेलं, तर बसत आलेला खोकला ताटामुळे पुन्हा उसळत नाही.